स्टीलच्या ताटावर टाकलेलं नाव फोटोत दिसत नाही, शिरोरेषा तर गायबच

पळसफूल

नमस्कार मंडळी. आमचं दारव्ह्याजवळच्या गावात भांड्यांचं दुकान आहे. लगनसराईत आंदणाची भांडी जातात, आणि भांड्यांवर नाव टाकून देणं हे आमच्याकडे बाबांच्या आधीपासून चालत आलेलं काम. बाबा टकटक करणाऱ्या हातमशीनने नाव टाकतात, ठिपक्याठिपक्याचं. यंदा आम्ही हिऱ्याची कणी असलेल्या सुईची मशीन घेतली. अक्षर फार सुरेख येतं, बारीक, सलग रेघेचं, बाजूला छोटी वेलबुट्टीसुद्धा काढता येते. आता यवतमाळ, पुसद, दिग्रसकडून व्हॉट्सअॅपवर विचारणा येऊन राहिली, म्हणून फोटो काढायला घेतले.

अडचण अशी. पहिले फोटो दुकानात ट्यूबलाइटखाली काढले. ताटात पांढरा पट्टा, मी आणि माझा फोन दिसतो, नाव दिसत नाही. मग ओसरीत, डाव्या हाताला खिडकी ठेवून काढले. पट्टा गेला, पण अक्षरांचे नुसते उभे दंड दिसतात. काने दिसतात, वेलांट्यांचा थोडा भाग दिसतो, वरची शिरोरेषा पूर्ण गायब. शेवटी ऑनलाइन मिळतो तो पांढऱ्या कापडाचा घडीचा फोटो बॉक्स मागवला, आतमध्ये लाइटची पट्टी असते तो. त्यात चमक एकदम गेली, अन् नावही गेलं! ताट पांढरंफटक, वर काही कोरलंय याचा पत्ता नाही.

गंमत अशी की बाबांच्या जुन्या ठिपक्यांच्या नावाचा फोटो कसाही काढला तरी वाचता येतो. म्हणजे फोन बरा आहे. मग माझं कुठे चुकून राहिलं?

---

कढी_गोळे

पोरी, स्टीलला ओशटपणा राहिला की असंच दिसते. चिंचेच्या कोळाने घासून, कोमट पाण्याने धुवून लगेच कोरडं पुस. पाण्याचे डाग राहू देऊ नको. चकचकीत झालं की नाव उठून दिसन.

---

पळसफूल

काकू, ताटं नवीकोरी आहेत, चमक भरपूर आहे. चमकेमुळेच फोटो बिघडून राहिला. डाग न राहू देण्याचं मात्र लक्षात ठेवते.

---

धुऱ्यावरचा

ताई, सोपं आहे. पोलरायझर फिल्टर घ्या, फोनवर चिमट्याने लावायचे मिळतात. फिरवला की चमक कापली जाते. मी आमच्या गावातल्या सराफाच्या शोकेसचे फोटो असेच काढले होते, काचेवरची सगळी झगमग गेली. आणि बॉक्सचा लाइट वाढवा, नाव दिसेल.

---

बंगई

मी नागपुरात बरीच वर्षं भांडी आणि दागिन्यांच्या कॅटलॉगचे फोटो काढायचो. आता आर्वीकडे शेती करतो, पण हा विषय निघाला की राहवत नाही. थोडं लांबेल, चालवून घ्या.

धुऱ्यावरचा दादा, तुम्ही पाहिलं ते खरंच पाहिलं. पण चमक गेली ती काचेवरची. काच, पाणी, रंगवलेलं लाकूड यांच्यावरून तिरकस येणारी चमक पोलरायझर कापतो. उघड्या धातूवरची चमक तो तशी कापू शकत नाही, कारण धातूवरून परतणारा प्रकाश त्या अर्थाने चाळला गेलेलाच नसतो. फिल्टर लावून पाण्याच्या बादलीकडे बघा आणि मग स्टीलच्या ताटाकडे बघा, फिरवताना फरक लगेच कळेल. स्टुडिओत दिव्यालाही फिल्टर लावतात आणि कॅमेऱ्यालाही. त्याने धातूची चमक जाते, पण सोबत धातूच जातो. ताट काळंभोर, मेलेलं दिसतं. विकायच्या मालाला ते चालत नाही.

पळसफूल ताई, तुमच्या तिन्ही फोटोंचं कारण एकच आहे. पॉलिश केलेलं ताट म्हणजे आरसा. त्याला स्वतःचं रूप फार कमी. फोनला ताटाच्या जागी जे दिसतं ते ताटासमोर असलेल्या वस्तूचं प्रतिबिंब असतं. म्हणून "चमक घालवायची कशी" हा प्रश्न मी बदलून विचारायचो: या ताटात फोनला काय दिसायला हवं?

आता कोरलेली रेघ घ्या. ती म्हणजे बारीक नाली. नालीच्या दोन्ही भिंती कललेल्या, त्यामुळे ताटाचा सपाट भाग एका दिशेला बघतो आणि नालीच्या भिंती दुसऱ्याच दिशेला बघतात. सपाट भागाला पांढरं दिसलं आणि भिंतींना काळं, तर पांढऱ्या ताटावर काळं नाव उमटतं. उलट असलं तर काळ्या ताटावर पांढरं नाव. दोघांनाही पांढरंच दिसलं तर नाव नाहीसं होतं. तुमच्या बॉक्समध्ये हेच झालं. चारही बाजूंनी पांढरं कापड, भिंत कुठेही बघो, पांढरंच. तिथे लाइट वाढवला तर पांढरं आणखी पांढरं होईल, एवढंच.

शिरोरेषेचं आणखी सरळ आहे. शिरोरेषा आडवी. तिच्या नालीची एक भिंत वर बघते, एक खाली. तुमची खिडकी डावीकडे, म्हणजे प्रकाश त्या नालीच्या लांबीने वाहत गेला, भिंतीवर आदळलाच नाही. दंड आणि काने उभे, त्यांच्या भिंती डाव्या-उजव्या, म्हणून ते उजळले. शेतात सकाळच्या उन्हात उत्तर-दक्षिण काढलेल्या सऱ्या कशा ठळक दिसतात आणि पूर्व-पश्चिम सऱ्या कशा सपाट वाटतात, तसंच. बाबांचा ठिपका मात्र वाटीसारखा असतो, त्याच्या भिंती सगळीकडे बघतात. प्रकाश कुठूनही येवो, त्यातला काही भाग फोनकडे वळतोच. म्हणून ते नाव कधी हरवत नाही.

---

पळसफूल

दादा, सऱ्यांचं वाचल्यावर मी ताट घेऊन परत खिडकीशी गेले. ताट गोल फिरवलं, नाव खिडकीच्या दिशेने उभं केलं. शिरोरेषा लखकन उजळली आणि काने गेले! दोनदा-तीनदा फिरवून पाहिलं, बाबांनाही दाखवलं. तिरपं धरलं, म्हणजे खिडकी वरच्या डाव्या कोपऱ्यात येईल असं, तर दोन्ही दिसतात. पण आता ताटात खिडकीचे गज दिसून राहिले.

---

बंगई

बस, निम्मं काम तुम्हीच केलंत. देवनागरीला प्रकाश नेहमी कोपऱ्यातून द्यायचा. आता गजांचं बघू. त्यासाठी मांडणी स्थिर हवी, हातात फोन धरून हे जमत नाही. घरच्या सामानात होईल असं सांगतो.

दोन उंच डबे घ्या, त्यांच्यावर फळी टाका, आणि फळीच्या कडेवरून फोनची लेन्स बाहेर काढून तो सरळ खाली बघेल असा ठेवा, वर एखादं वजन ठेवा. ताटापासून लेन्स साधारण ३५ सेंटिमीटर वर. यापेक्षा जवळ नेण्याचा मोह होतो, तो आवरा. फार जवळ गेलं की बऱ्याच फोनमध्ये आपोआप रुंद लेन्स चालू होते, ताटाची कड वाकडी दिसते आणि फोनची सावली नावावर पडते. त्यापेक्षा लांबून २x वर काढा.

ताट तसंच सपाट ठेवलं तर त्यात फोनच दिसणार. म्हणून तुमच्याकडची ताटाची कड उचला. ३० सेंटिमीटरच्या ताटाखाली सात-आठ सेंटिमीटर उंच पेला ठेवला की ते साधारण १५ अंश कलतं. आरसा १५ अंश कलला की नजर दुप्पट वळते, ३० अंश. म्हणजे फोनला आता ताटात स्वतः दिसत नाही, तर ताटाच्या पलीकडे, फोनच्याच उंचीवर, सुमारे २० सेंटिमीटर पुढे जे असेल ते दिसतं. नाव डावीकडून उजवीकडे वाचता येईल असंच राहू द्या, म्हणजे ताट कललं तरी सगळी अक्षरं फोनपासून सारख्याच अंतरावर राहतात आणि एकदम स्पष्ट येतात. नाव वरखाली फिरवलं तर पहिलं अक्षर स्पष्ट आणि शेवटचं धुरकट होईल.

ती पलीकडची जागा मोजत बसू नका. एखाद्याच्या हातात डब्याचं लाल झाकण द्या, फोनच्या पडद्यावर बघत त्याला पुढे-मागे सरकवायला सांगा. झाकण बरोबर नावाच्या मागे दिसू लागलं की तीच जागा. तिथे जे लावाल तोच तुमच्या ताटाचा रंग.

तिथे आधी काळं कापड लावून बघा. काळी ओढणी दुमडून चालेल, चमकणारं सॅटिन नको. आणि प्रकाश फक्त एक, वरच्या डाव्या कोपऱ्यातून, ताटाला जवळजवळ घासून जाईल इतका खालून. ताट काळसर होईल आणि नाव चांदीच्या तारेसारखं उठेल.

---

खामगावकर_चांदीवाला

मध्येच विचारतो. खामगाव चांदीसाठी ओळखलं जातं, आमचंही छोटं दुकान आहे. माझी अडचण पैंजणांची. त्यावरची नक्षी खोदलेली आणि उठावाची अशी दोन्ही असते, कड्याही गोल. तुमच्या बॉक्समध्ये आमच्या पैंजणाचे फोटो बरे येतात, ताईंसारखं नक्षी गायब होत नाही. मग बॉक्सच वाईट असं कसं म्हणता?

---

बंगई

बॉक्स वाईट असं नाही म्हटलं, सपाट ताटावरच्या बारीक रेघेला तो चालत नाही. तुमच्या पैंजणांना बहुतेक खोलगट भागात काळी छटा दिलेली असेल. ती काळी छटा आरसा नाही, ती स्वतःच्या रंगाने दिसते, म्हणून बॉक्समध्येही टिकते. छटा न दिलेलं, पांढरं पॉलिश केलेलं पैंजण ठेवून बघा, नक्षी विरघळलेली दिसेल. तेव्हा बॉक्सच्या एका आतल्या बाजूला काळ्या कागदाची दोन बोटं रुंद पट्टी चिकटवा. प्रत्येक कडीच्या वळणावर एक काळी रेघ उतरेल आणि आकार परत येईल. पट्टी किती रुंद आणि कुठे, हे मात्र दर नगाला सरकवून बघावं लागतं, याला ठरलेलं माप नाही.

---

खामगावकर_चांदीवाला

छटा दिलेलीच होती, बरोबर. पांढऱ्या जोडव्यांचा फोटो काढून पाहिला, खरंच पिठाच्या गोळ्यासारखी दिसतात. काळ्या पट्टीने फरक पडला, पण जोडव्याच्या आतल्या बाजूला अजून फोनचा काळा ठिपका दिसतो. तो काही केल्या जात नाही.

---

पळसफूल

काल दुकान बंद झाल्यावर बसले. फळी, डबे, पेला, काळी ओढणी, सगळं दादांनी सांगितलं तसं. प्रकाशाला दुसऱ्या मोबाइलची टॉर्च, तिच्यापुढे बटर पेपर.

नाव उठलं, पण दोन गोष्टी झाल्या. एक, ताटावरचा बारीकसा ओरखडासुद्धा चमकतो. नवीन ताट जुनं वाटायला लागलं. दुसरी, दहा फोटोंतले सात धुरकट. आणि धुरकट म्हणजे सगळा फोटो नाही, ओढणीची किनार ताटात चक्क स्पष्ट दिसते, आणि नावच धुरकट! हे कसं?

---

बंगई

दुसरी गोष्ट आधी, कारण तिच्यात खूप जण फसतात. आरशात बघताना तुमचा चेहरा काचेवर नसतो, काचेच्या मागे असतो, तुम्ही जितके समोर तितकाच मागे. फोनलाही तसंच दिसतं. फोन ताटापासून ३५ सेंटिमीटर आणि ओढणी ताटापासून ४० सेंटिमीटर असेल, तर फोनच्या लेखी ओढणी ७५ सेंटिमीटरवर आहे. त्याला ठळक काहीतरी लागतं फोकस धरायला, आणि पुसट नावापेक्षा ओढणीची किनार ठळक. तो तिथे जाऊन बसतो. प्रतिबिंब स्पष्ट आणि नाव धुरकट दिसलं की समजायचं, फोकस ताटावर नव्हता, ताटाच्या "मागे" होता.

उपाय वर्तमानपत्राच्या कपट्याचा. छापील अक्षरांचा एक तुकडा नावावर सपाट ठेवा, पडद्यावर त्याच्यावर बोट दाबून धरा. बऱ्याच फोनवर AE/AF लॉक झाल्याचं दिसतं. मग काहीही न हलवता कपटा अलगद काढून घ्या. फोकस आता ताटाच्या पृष्ठभागावर अडकून राहिला. उजेडही कपट्याच्या हिशोबाने अडकलेला असतो, तो बाजूच्या सूर्याच्या खुणेने वरखाली करून घ्या. काळ्या मांडणीत फोन सगळं उजळायला बघतो, तर तुम्ही थोडं खाली ओढा. आणि फोटो ३ सेकंदांच्या टायमरने काढा, बोटाच्या धक्क्याने बारीक रेघ जाडी होते.

ओरखड्यांचं खरं आहे. घासून जाणारा प्रकाश नावाची नाली आणि ओरखडा यात भेद करत नाही, दोन्ही नाल्याच. ताट गमछ्याने पुसत असाल तर थांबवा, त्यातल्या धुळीनेच बारीक रेघा पडतात. चष्म्याचं मऊ कापड वापरा, आणि पुसण्याआधी धूळ फुंकून टाका. तरी बफिंगच्या रेघा राहतीलच. विकायच्या ताटाला मी उलटी मांडणी पसंत करतो, पांढरं ताट आणि काळं नाव.

काळ्या ओढणीच्या जागी पांढरी कार्डशीट लावा. जितक्यात ताट भरून दिसतं तेवढीच, मोठी नको. आणि टॉर्च ताटावर मारायची नाही, शीटवर मारायची. टॉर्च आणि ताटाच्या मधे एक पुठ्ठा उभा करा, म्हणजे ताटाला थेट उजेड मिळणार नाही. खोलीत बाकी अंधार. सपाट भागाला उजळलेली शीट दिसते, नालीच्या भिंतींना अंधारी खोली. ओरखडे फार उथळ असतात, ते या मांडणीत बरेच शांत होतात.

---

धुऱ्यावरचा

बंगई दादा, बादलीचा प्रयोग करून पाहिला. पाण्याची चमक गेली, आणि ताटात फिल्टर फिरवूनही ट्यूबलाइट तशीच. पटलं. पण शीटवर उजेड मारण्याऐवजी शीटच्या मागे खिडकी ठेवून, बटर पेपर ताणून चालणार नाही का? आमच्याकडे संध्याकाळी लाइनचा भरवसा नाही, दिवसाच काम होतं.

---

बंगई

चालतं, आणि उजेड फार गोड येतो. फक्त बटर पेपरला घडी नको, घडीची रेघ ताटात जशीच्या तशी उतरते. मच्छरदाणी किंवा पातळ साडी लावली तर विणसुद्धा दिसते. आणि बाजूंनी येणारा खिडकीचा उजेड अडवावा लागतो, नाहीतर नालीच्या भिंतीही उजळतात आणि नाव करडं पडतं. खिडकी लहान असेल तर बरं, ओसरीसारखं तीन बाजूंनी मोकळं असेल तर जमणार नाही.

लाइन नसताना चार्जिंगचा बल्ब वापरला तर आणखी एक फायदा. काही स्वस्त एलईडी बल्ब लाइनवर असताना डोळ्याला कळणार नाही इतके लुकलुकतात आणि फोटोत आडवे गडद पट्टे येतात. बॅटरीवर चालताना सहसा येत नाहीत.

---

कढी_गोळे

मी आधी वेगळंच समजले होते. आता एक विचारते. आमच्याकडे पाटावरच्या कोरलेल्या नावात काजळ भरून वरून पुसून घ्यायचे, नाव ठसठशीत दिसायचं. ताटाला केलं तर एवढा खटाटोपच नको ना?

---

खामगावकर_चांदीवाला

काकू, चांदीत छटा देतात ती मालाचाच भाग असते, गिऱ्हाइकाला तसाच माल मिळतो. काजळ धुतल्यावर जाईल. मग गिऱ्हाईक म्हणेल, फोटोत काळं नाव होतं, हे पांढरं काऊन?

---

कढी_गोळे

फोटोखाली लिहून द्यायचं, की नाव दिसावं म्हणून काजळ भरलं आहे. लपवायचं थोडंच आहे.

---

खामगावकर_चांदीवाला

लिहिलेलं वाचतं कोण, काकू. फोटो पाहून ऑर्डर देतात. मला नाही पटत.

---

बंगई

मला काकूंचं अगदीच चूक वाटत नाही, पण एक अडचण आहे. हिऱ्याच्या सुईची नाली इतकी उथळ असते की वरून पुसताना काजळही निघून येतं. ठिपक्यांच्या नावात मात्र ते बसतं.

---

पळसफूल

पांढरी मांडणी केली. पूर्ण हकिगत लिहिते, कुणाला तरी उपयोगी पडेल.

ताट १२ इंचाचं, नावाची अक्षरं साधारण ६ मिलिमीटर उंच, खाली लग्नाची तारीख त्याहून बारीक. पहिल्या फोटोत ताट करडं आलं, पांढरं नाही. मला वाटलं उजेड कमी, म्हणून टॉर्च जवळ नेली, तरी करडंच. मग लक्षात आलं की टॉर्च वाढवली की फोन आपणच उजेड कमी करतो. लॉक करून सूर्याची खूण वर सरकवली तेव्हा ताट पांढरं झालं. पण जास्त सरकवली तर अक्षरांच्या बारीक टोकांना पांढरं खाऊन टाकतं, तारखेतला ३ अर्धाच राहिला. ताट अगदी शुभ्र होण्याच्या जरा अलीकडे थांबले, तेव्हा तारीखही वाचता आली.

पण बाबांनी फोटो पाहिला आणि म्हणाले, "हे स्टीलचं वाटते का? हे तं प्लॅस्टिकचं ताट वाटते." आणि खरंच तसं दिसत होतं. कागदावर छापल्यासारखं.

---

बंगई

बाबांची नजर पक्की आहे. धातू ओळखू येतो तो पांढऱ्याच्या शेजारच्या काळ्यामुळे. शीट थोडी बाजूला सरकवा, इतकी की तिची एक कड ताटाच्या उभ्या काठावर दिसेल, नावावर नाही. काठाजवळ पांढऱ्याकडून काळ्याकडे जाणारी छटा आली की तेच ताट लगेच स्टीलचं दिसतं. शीटची कड फार कडक दिसली तर शीट आणखी लांब न्या. फोकस नावावर लॉक असल्यामुळे लांबची कड आपोआप मऊ होते.

---

पितळी_गुंड

भंडाऱ्याहून लिहितो, आमच्याकडे पितळेचं काम. हे सगळं सपाट ताटाला ठीक आहे. गडव्याच्या पोटावर किंवा गुंडावर नाव असलं तर काय? मी पेला ठेवून, कलवून सगळं पाहिलं. गडव्यात अख्खी खोली दिसते, छत, दार, मी, फोन, सगळं.

---

बंगई

फुगीर भांडं म्हणजे बाहेर फुगलेला आरसा, त्याला जवळजवळ सगळी खोली दिसते. एका शीटने भागत नाही. बटर पेपरचा मोठा नळा करून त्यात भांडं ठेवतात आणि लेन्सपुरतं भोक पाडतात. त्या भोकाचा काळा ठिपका भांड्याच्या पोटावर अगदी मधोमध पडतो, जिथे नाव असतं तिथेच. भांडं थोडं फिरवून नाव ठिपक्याच्या शेजारी आणायचं, एवढंच हातात आहे. आणि नाव लांब असेल तर दोन टोकं वळणावर जातात, त्यांच्या भिंतींना वेगळंच काही दिसतं. मी लांब नावाच्या गडव्याचे दोन फोटो काढायचो, एक पूर्ण गडव्याचा आणि एक फक्त अर्ध्या नावाचा. एकाच फोटोत दोन्ही नीट आल्याचं मला तरी आठवत नाही. खामगावकरांच्या जोडव्यातला ठिपकाही याच जातीचा. जोडवं आतून खोलगट असल्यामुळे तो आणखी हट्टी.

---

पितळी_गुंड

आमच्या एका कारागिराने पिठाची बारीक धूळ मारून फोटो काढला होता, चमक गेली होती.

---

बंगई

चमक जाते, पण पीठ नालीतही बसतं. ठळक उठावाच्या नक्षीला चालून जाईल, बारीक रेघ बुजते. शिवाय पॉलिश झाकलं गेलं तर पितळ घेणारा काय बघून घेणार?

---

पळसफूल

शीट सरकवली. काठावर काळसर छटा आली आणि बाबा फोटो हातातून खाली ठेवेनात. म्हणाले, आता यात चमक पण आहे अन् नाव पण.

एक गोष्ट मात्र राहिली. गिऱ्हाइकाला पाठवल्यावर त्यांच्या फोनवर तारीख पुसट दिसत होती. माझ्याकडे स्पष्ट, त्यांच्याकडे नाही. पाठवताना वरचं HD बटण दाबलं तर फरक पडला. तरी आता मी दोन फोटो पाठवते, एक पूर्ण ताटाचा आणि एक फक्त नावाचा, त्याच मांडणीत फोन खाली आणून, पुन्हा कपटा ठेवून लॉक केलेला. पूर्ण ताटाच्या फोटोतून नाव कापून मोठं केलं तर रेघा दातेरी होतात, म्हणून वेगळाच काढते.

दिग्रसच्या एका ताईंनी आज ५१ ताटं सांगितली, नाव आणि तारीख दोन्ही टाकून. सोबत ५ गडवेही हवेत म्हणतात, गडव्यावर पूर्ण नाव, आणि आधी फोटो पाठवा म्हणतात. बटर पेपर आणून ठेवला आहे. पितळी गुंड दादा, तुमचा नळा कसा झाला ते सांगाल का? भोक किती मोठं ठेवलं, आणि तो ठिपका नावापासून किती लांब गेला?

---

पितळी_गुंड

ताई, नळा आजच केला. भोक रुपयाच्या नाण्याएवढं. ठिपका अजून नावाच्या दुसऱ्या अक्षरावरच आहे. उद्या भांडं फिरवून परत बघतो, मग लिहितो.